डेडलाईन आठ दिवस अलीकडे आली, आता माणसं वाढवायची की कामं एकात एक घुसवायची?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे आकडे सांगितले ते इथे नीट मांडून दिले आहेत, त्यामुळे ऐकून झालं असेल तरी एकदा नजर टाका.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलेला आहे. प्रोजेक्टचा प्लॅन तयार असतो, सगळ्यांनी मान डोलावलेली असते, आणि मग क्लायंटचा फोन येतो की तारीख अलीकडे घ्या. काम तेवढंच, फीचर एकही कमी नाही, फक्त दिवस कमी. अशा वेळी मॅनेजर लोक दोन शब्द फेकतात, क्रॅशिंग आणि फास्ट ट्रॅकिंग. बऱ्याच मीटिंगमध्ये हे दोन्ही शब्द 'घाई करा' याच अर्थाने वापरलेले मी ऐकलेत. पण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत तुम्ही पैसे देऊन दिवस विकत घेता. दुसरीत जोखीम पत्करून दिवस उधार घेता.

आज एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवूया. आकडे मी समजायला सोपे जातील असे धरलेत, पण कामाची रचना अगदी आपल्या रोजच्यासारखी आहे.

उदाहरण: बस तिकिटाचं ॲप

समजा, पुणे-नागपूर मार्गावर गाड्या चालवणाऱ्या एका खासगी बसवाल्याला तिकीट बुकिंगचं ॲप हवंय. कामं सहा आहेत, आणि दिवस म्हणजे कामाचे दिवस:

- अ. गरजा समजून घेणं आणि स्क्रीनचं डिझाइन: १० दिवस
- ब. डेटाबेस आणि बॅकएंड: २० दिवस, अ संपल्यावर
- क. ॲपच्या स्क्रीन: २५ दिवस, अ संपल्यावर
- ड. पेमेंट जोडणं: ८ दिवस, ब संपल्यावर
- इ. टेस्टिंग: १२ दिवस, क आणि ड दोन्ही संपल्यावर
- फ. क्लायंटची तपासणी आणि प्ले स्टोअरवर टाकणं: ५ दिवस, इ संपल्यावर

आता यात दोन वाटा आहेत. पहिली अ-ब-ड-इ-फ. बेरीज करा, ५५ दिवस. दुसरी अ-क-इ-फ, ती ५२ दिवस. सगळ्यात लांब वाट हाच आपला क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रोजेक्ट ५५ दिवसांच्या आत संपू शकत नाही. दुसऱ्या वाटेकडे ३ दिवसांची सवड आहे, तिला फ्लोट म्हणतात. स्क्रीनचं काम ३ दिवस लांबलं तरी कुणाला कळणारही नाही.

आणि आता फोन येतो. दिवाळीचं बुकिंग लवकर उघडायचंय, ४७ दिवसांत ॲप हवं. म्हणजे ८ दिवस कमी करायचेत. करारात असंही लिहिलंय की ४७ च्या पुढे रोजचे ६,००० रुपये कापले जातील. शिवाय प्रोजेक्ट चालू असला की सर्व्हर, जागा, मॅनेजरचा वेळ असा आपला रोजचा ४,००० खर्च होतोच. म्हणजे उशिराचा प्रत्येक दिवस १०,००० ला पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्रॅशिंग: कुठला दिवस किती रुपयांना?

क्रॅशिंग म्हणजे जादा माणसं, ओव्हरटाइम किंवा जास्त अनुभवी माणूस लावून एखादं काम कमी दिवसांत संपवणं. कामांचा क्रम बदलत नाही. आधी डिझाइन, मग बॅकएंड, मग पेमेंट, हे तसंच राहतं.

इथे विचारायचा प्रश्न एकच असतो: या कामातला एक दिवस कमी करायला किती जादा खर्च? याला कॉस्ट स्लोप म्हणतात. काढायचा कसा? जादा खर्चाला कमी झालेल्या दिवसांनी भागायचं. टेस्टिंगसाठी दोन कॉन्ट्रॅक्टवरचे टेस्टर घेतले, ३२,००० जादा गेले आणि १२ चे ८ दिवस झाले, तर एक दिवस पडला ८,००० ला.

आपल्या प्रोजेक्टमध्ये हे दर असे आहेत असं धरू:

- क, स्क्रीन: दिवसाला ३,०००
- ड, पेमेंट: दिवसाला ५,०००, पण जास्तीत जास्त २ दिवस
- इ, टेस्टिंग: दिवसाला ८,०००, जास्तीत जास्त ४ दिवस
- ब, बॅकएंड: दिवसाला १२,०००, जास्तीत जास्त ५ दिवस
- अ, डिझाइन: दिवसाला १८,०००, जास्तीत जास्त २ दिवस
- फ, तपासणी आणि प्ले स्टोअर: कमीच होत नाही, कारण ते आपल्या हातात नाही

आता पटकन सांगा, सुरुवात कुठून कराल? सगळ्यात स्वस्त क आहे ना? तिथेच फसायला होतं. क क्रिटिकल पाथवर नाही. तिथे ३,००० घातले तर दुसरी वाट ५२ ची ५१ होईल आणि प्रोजेक्ट मात्र ५५ वरच. पैसे गेले, दिवस एकही वाचला नाही. म्हणून नियम असा, की क्रिटिकल पाथवर असलेल्या कामांपैकी सगळ्यात स्वस्त काम आधी घ्यायचं.

मग चला पायरी-पायरीने. आधी पेमेंट, २ दिवस, १०,०००. पहिली वाट ५३ झाली. मग टेस्टिंग, ४ दिवस, ३२,०००. टेस्टिंग दोन्ही वाटांवर आहे, त्यामुळे दोन्ही कमी झाल्या: पहिली ४९, दुसरी ४८. आत्तापर्यंत ४२,००० खर्च. मग बॅकएंडचा एक दिवस, १२,०००. पहिली वाट ४८.

आता थांबा. दोन्ही वाटा ४८ झाल्या. म्हणजे आता दोन्ही क्रिटिकल आहेत. पुढचा एक दिवस कमी करायचा तर दोन्हीकडून करावा लागणार: बॅकएंडचा एक दिवस १२,००० आणि स्क्रीनचा एक दिवस ३,०००, मिळून १५,०००. तो केला की ४७. एकूण खर्च ६९,०००.

इथे एक गोष्ट दिसते. पहिला दिवस ५,००० ला मिळाला, शेवटचा १५,००० ला. क्रॅशिंगचं हे नेहमीचं गणित आहे. जसजसं खाली जाल तसतसा दिवस महाग होतो, कारण स्वस्त दिवस संपतात आणि नव्या वाटा क्रिटिकल होत जातात.

मग तो १०,००० चा आकडा काढा. उशिराचा दिवस १०,००० ला पडतो. पेमेंटचा ५,००० आणि टेस्टिंगचा ८,००० हे दिवस घेण्यासारखे आहेत. पण ४९ वरून ४७ वर येण्यासाठी १२,००० अधिक १५,००० म्हणजे २७,००० लागतात, आणि वाचतात फक्त २०,०००. निव्वळ पैशाने बघितलं तर ४९ ला थांबून दोन दिवसांचा दंड भरणं ७,००० नी स्वस्त आहे. अर्थात बसवाल्याचा दिवाळीचा सीझन त्या दोन दिवसांवर अवलंबून असेल तर पुढच्या वर्षी तो आपल्याकडे येईल का, हे त्या ७,००० मध्ये धरलेलं नाही. पण निदान निर्णय डोळे उघडे ठेवून होतो.

हा 'दिवसाची किंमत' विचार नवा नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या डोक्यात हाच प्रश्न होता: वेळ कमी करायला कमीत कमी जादा खर्च कुठे होईल? क्रिटिकल पाथ म्हणजे नुसता लाल रंगाचा गँट चार्ट, असं आपण समजतो. मुळात तो खर्चाचा हिशेब होता.

पण माणूस म्हणजे विटा वाहणारा गाडा नाही

वर मी आरामात म्हणालो की १२,००० दिले की बॅकएंडचा एक दिवस कमी. सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमी खरं होत नाही. आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तकात हेच मांडलं, की आधीच लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो.

कारणं दोन. एक, नवा माणूस आला की त्याला शिकवणार कोण? ज्याला प्रोजेक्ट सगळ्यात जास्त माहीत आहे तोच. म्हणजे ज्याचा वेग आपल्याला हवा होता, त्याचाच वेग आधी कमी होतो. दोन, बोलण्याचे धागे वाढतात. टीममध्ये ४ जण असतील तर जोड्या ६ होतात. ६ जण झाले की १५. माणसं दीडपट, धागे अडीचपट.

म्हणून क्रॅशिंग करायचंच तर ते सुरुवातीला करावं, जेव्हा शिकवण्यात गेलेला आठवडा भरून निघायला पुढे वेळ असतो. आणि जे काम वाटून देता येतं तिथे करावं. टेस्टिंगमध्ये हे चांगलं जमतं. एकाने सीट निवडण्याच्या टेस्ट घेतल्या, दुसऱ्याने तिकीट रद्द करण्याच्या, एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत. पेमेंटमध्ये दोन माणसं वाढवण्यापेक्षा तो गेटवे आधी जोडलेला एक अनुभवी माणूस घेणं बरं. आणि गेटवेकडून आपल्या क्लायंटच्या कागदपत्रांची मंजुरी यायला जो वेळ लागतो, तो कितीही पैसे दिले तरी कमी होत नाही. कुकरला चार शेगड्या लावल्या म्हणून डाळ चौपट लवकर शिजत नाही, तसंच आहे ते. तो अर्ज पहिल्या दिवशीच करून ठेवायचा.

क्रॅशिंग फसतंय हे कसं ओळखायचं? मी माझ्या टीममध्ये एकच गोष्ट बघतो: रिव्ह्यूसाठी पडून राहिलेला कोड. माणसं वाढल्यावर ही रांग पहिले काही दिवस वाढणारच. पण दुसऱ्या आठवड्यातही ती वाढतच असेल, तर आपण कोड लिहिणारे हात वाढवलेत आणि तो तपासणारा माणूस तोच एकटा आहे. तिथे आणखी माणसं घालून उपयोग नाही.

फास्ट ट्रॅकिंग: फुकट दिसतं, पण

फास्ट ट्रॅकिंगमध्ये माणसं वाढत नाहीत. एकामागून एक होणारी कामं आपण थोडी एकमेकांवर सरकवतो. आधीचं पूर्ण संपायच्या आत पुढचं सुरू करतो.

आपल्या उदाहरणात दोन जागा आहेत. पहिली, डिझाइनचे १० दिवस संपायची वाट न बघता ६ व्या दिवसानंतर बॅकएंड आणि स्क्रीनचं काम सुरू करायचं. ४ दिवस वाचले. दुसरी, पेमेंट आणि स्क्रीन पूर्ण होण्याच्या ४ दिवस आधीच टेस्टिंग सुरू करायचं. आणखी ४ वाचले. पहिली वाट ४७, दुसरी ४४. आठ दिवस कमी झाले आणि खिशातून एक रुपया गेला नाही. क्लायंट खूश, मॅनेजर खूश.

आता बिल कुठे येतं ते बघू. सहाव्या दिवशी बॅकएंडवाल्यांनी अर्धवट डिझाइनवर काम सुरू केलं. नवव्या दिवशी बसवाला म्हणाला, 'अहो, स्लीपर गाडीत वरची आणि खालची सीट वेगळ्या दराने विकतो आम्ही.' सीटचा तक्ता डेटाबेसमध्ये एका किमतीसाठी बनवलेला. तो बदलला की त्यावर उभं असलेलं सगळं बदलतं. यालाच रीवर्क म्हणतात, आणि फास्ट ट्रॅकिंगची किंमत इथे वसूल होते.

समजा, असं होण्याची शक्यता ३० टक्के आहे आणि झालं तर ६ दिवस जातात. टेस्टिंगच्या बाबतीतही ३० टक्के धरू. तिथे अर्धवट पेमेंटवर घेतलेल्या टेस्ट परत घ्याव्या लागल्या तर ५ दिवस जातात. आता हिशेब करा. पहिलं सरकवणं सुखरूप जाण्याची शक्यता ७० टक्के, दुसऱ्याचीही ७० टक्के. दोन्ही सुखरूप जायची शक्यता? ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. ४७ दिवसांत ॲप मिळणं हे जवळपास नाणं उडवण्यासारखं झालं.

एकीकडेच बिघडलं तर ५२ किंवा ५३ दिवस. दोन्हीकडे बिघडलं, ज्याची शक्यता ९ टक्के आहे, तर ५८ दिवस. म्हणजे काहीच घाई केली नसती तर जे ५५ लागले असते, त्याहूनही ३ जास्त. सरासरी काढली तर ५०.३ दिवस येतात, म्हणजे सरासरी ३.३ दिवसांचा उशीर, साधारण ३३,००० रुपये. त्यात तेच काम दोनदा करण्याची मजुरी वेगळी.

म्हणजे सरासरी खर्च कदाचित क्रॅशिंगच्या ६९,००० पेक्षा कमीही भरेल. पण सरासरी प्रोजेक्ट कुणाच्या वाट्याला येत नाही. आपल्याला एकच दिवाळी मिळते. क्रॅशिंगमध्ये किती पैसे जाणार ते साधारण आधी माहीत असतं. फास्ट ट्रॅकिंगमध्ये शून्य ते लाखाच्या वर काहीही होऊ शकतं, आणि ते कळतं तेव्हा हातात दिवस उरलेले नसतात.

आणि हो, सगळीच कामं सरकवता येत नाहीत. काही क्रम पक्के असतात. स्लॅबचं काँक्रीट पुरेसं घट्ट व्हायच्या आत खालचे टेकू काढता येत नाहीत. पण काही क्रम फक्त सवयीचे असतात. 'आमच्याकडे सगळं कोडिंग संपल्यावरच टेस्टिंग सुरू होतं' हा निसर्गाचा नियम नाही. फास्ट ट्रॅकिंगला जागा असते ती अशा सवयीच्या क्रमांमध्ये.

सरकवायचं असेल तर आधी एक गोष्ट गोठवा: दोन कामांच्या मधली सीमा. बॅकएंड काय पाठवणार आणि ॲप काय घेणार हे लिहून ठरवून टाका. उदाहरणार्थ:

```
GET /seats?trip=101
{"seat": "U4", "berth": "upper", "price": 950}
```

एवढं ठरलं की स्क्रीनवाले खोट्या डेटावर काम पुढे नेऊ शकतात, बॅकएंड तयार नसलं तरी. आणि क्लायंटला दाखवायलाही हेच चांगलं. `price` प्रत्येक सीटला वेगळी आहे हे बघून तो स्लीपरची गोष्ट नवव्याऐवजी पाचव्या दिवशी बोलेल. इथेही धोक्याची खूण एकच बघा: ठरलेली ही सीमा काम सुरू झाल्यावर किती वेळा बदलली? एकदा बदलली तर ठीक. दर दोन दिवसांनी बदलत असेल तर आधीचं काम अजून कच्चं आहे, आणि त्यावर पुढचं काम चढवणं थांबवायला हवं.

मग मी काय केलं असतं?

दोन्ही थोडं थोडं. पेमेंट आणि टेस्टिंग क्रॅश करायचं, कारण ते दिवस १०,००० पेक्षा स्वस्त आहेत. ४२,००० मध्ये पहिली वाट ४९, दुसरी ४८. उरलेले दोन दिवस २७,००० ला विकत घेण्याऐवजी टेस्टिंग फक्त २ दिवस आधी सुरू करायचं. म्हणजे ४७.

आणि ते २ दिवस कशाचं टेस्टिंग करायचं? लॉगिन आणि गाडी शोधणं यांचं. या स्क्रीन तोवर तयार असतात आणि त्यांचा पेमेंटशी संबंध नाही, त्यामुळे पेमेंटमध्ये काही बदललं तरी त्या टेस्ट वाया जायची भीती कमी. डिझाइन आणि बॅकएंडच्या मधली रेघ मात्र मी हलवली नसती. तिथे चूक झाली तर ती वरच्या सगळ्या मजल्यांपर्यंत जाते.

यातून मला वापरायला सोपी पडणारी खूणगाठ सांगतो. ज्या कामाचं आउटपुट पुढे अनेकांना लागतं आणि अजून बदलू शकतं, तिथे सरकवू नका, हवं तर तिथे चांगला माणूस लावा. जे काम तुकड्यांत पूर्ण होतं आणि एक तुकडा दुसऱ्याला धक्का लावत नाही, तिथे सरकवा. जे काम वाटून देता येतं आणि ज्याचा दिवस उशिराच्या दिवसापेक्षा स्वस्त पडतो, तिथे पैसे खर्च करा. आणि कितीही आकडेमोड केली तरी आठ दिवस निघतच नसतील, तर क्लायंटला तारीख किंवा फीचर यांतलं एक निवडायला सांगा. बस कॅन्सल करण्याची स्क्रीन दिवाळीनंतर आली तरी चालेल का, हा प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही.

पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी 'आपण फास्ट ट्रॅक करू' म्हणालं, तर शांतपणे विचारा: नेमकी कुठली दोन कामं एकमेकांवर सरकवणार, आणि पहिलं बदललं तर दुसऱ्याचे किती दिवस जातील? कुणी 'माणसं वाढवू' म्हणालं, तर विचारा: कुठल्या कामावर, ते क्रिटिकल पाथवर आहे का, आणि दिवस कितीला पडतोय? उत्तर मिळालं नाही, तर तुम्हीच वरची सहा ओळींची यादी तुमच्या प्रोजेक्टसाठी लिहून काढा. अर्धा तास लागतो. आकडे अडले तर कॉमेंटमध्ये टाका, बघू आपण मिळून.